कार्डं तीन, पण यादीत नाव नाही

पत्र

मॅडम, नमस्कार. आमचं गाव नाथसागराच्या काठाला, पैठण तालुक्यात. मिस्टर ३८ वर्षांचे, धरणात मासेमारी करतात. सोसायटीचं सभासदत्व मात्र सासऱ्यांच्या नावानं आहे. ते ६६ वर्षांचे, आता पाण्यात जात नाहीत. मी ३४ वर्षांची, पैठणला एका कारखानदाराच्या मागावर पैठणी विणते. दीर २२ वर्षांचे, लग्न व्हायचंय, घरी बसून जाळी विणतात. मी, मिस्टर आणि दीर, आम्ही तिघांनी ई-श्रम कार्ड काढलेलं आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या गावातला एक जण तराफा उलटून गेला. त्याच्याकडं बी ई-श्रम होतं, पण घरच्यांना काहीच मिळालं नाही म्हणायलेत. आता केंद्रवाला म्हणतो, विश्वकर्मा योजनेत विणकर बसत नाही, तुमचं नाव टोपली-चटईवाल्यात टाकून देतो, पाचशे रुपये द्या. काय करावं?
— एक विणकर, पैठण तालुका

उत्तर

ताई, पाचशे रुपये देऊ नका आणि टोपली-चटईच्या रकान्यात नावही घालू देऊ नका. विश्वकर्मा योजनेच्या नोंदणीला कारागिराकडून पैसे घ्यायचे नसतात. खोट्या नोंदीनं तुमचं काय बिघडेल ते पुढं सांगते. पण तुमच्या घरात सगळ्यात आधी पाहायला हवं ते तुमच्या मिस्टरांचं, कारण पाण्यात रोज ते जातात आणि कागदावर ते मच्छिमारच नाहीत.

ई-श्रमबद्दल गावोगावी एकच समजूत झाली आहे, कार्ड आहे म्हणजे दोन लाखांचा विमा आहे. ती कुठून आली हेही कळतं. ऑगस्ट २०२१ मध्ये ही नोंदणी सुरू झाली तेव्हा अपघाती मदतीची तरतूद खरंच जोडलेली होती. पण ती ३१ मार्च २०२२ पर्यंत घडलेल्या अपघातांपुरती होती. त्यानंतर ते बारा आकडी नंबराचं कार्ड म्हणजे तुम्ही असंघटित कामगार आहात आणि अमुक काम करता याची सरकारदरबारी असलेली नोंद, एवढंच राहिलं. नोंद उपयोगाची आहे, ठेवा. पण तिघांच्याही कार्डावर व्यवसाय काय लिहिलाय तो एकदा वाचा. केंद्रावर गर्दी असली की समोरच्याला न विचारता सरसकट 'शेतमजूर' टाकून मोकळं होतात. तुमच्या कार्डावर हातमाग विणकर आणि मिस्टरांच्या कार्डावर मच्छिमार असं नसेल तर eshram.gov.in वर आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा ओटीपी घालून ते दुरुस्त करता येतं. अडचण आली तर १४४३४ हा मदतीचा नंबर आहे.

आता मिस्टर. मच्छिमारांसाठी गट अपघात विमा आहे, केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेतला. मच्छिमाराला त्यात एक रुपयाही भरावा लागत नाही, हप्ता केंद्र आणि राज्य सरकार मिळून भरतात. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर अडीच लाख, दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर २५ हजारांपर्यंत. हा विमा ई-श्रम कार्डावर मिळत नाही आणि केंद्रावर अंगठा दिल्यानंही मिळत नाही. मच्छिमारांची यादी तयार होते, मत्स्यव्यवसाय खात्यामार्फत पुढं जाते आणि यादीत नाव असेल तोच विमाधारक. नियम म्हणतो की मासेमारीत आणि तिला जोडून असलेल्या कामात प्रत्यक्ष असलेला कुणीही यात बसतो, तो सभासदच हवा असं नाही. पण व्यवहारात नावं गोळा करतं कोण? सोसायटीचा सचिव. आणि तो सभासदांचं रजिस्टर उघडतो. त्या रजिस्टरात तुमच्या सासऱ्यांचं नाव आहे, जे आता काठावर बसतात.

ही अडचण तुमच्या एकट्या घरची नाही. धरणाच्या सोसायट्या जुन्या, भाग बापाच्या नावावर, तराफ्यावर मुलगा. मासळी मोजून घेताना कुणी विचारत नाही की नाव कुणाचं, माणूस कोण. विचारणा होते ती माणूस बुडाल्यावर. आणि मग जातीचा दाखला पुढं केला जातो, आम्ही पिढीजात भोई आहोत म्हणून. त्यानं काही साधत नाही, कारण हा विमा जातीवर नाही, प्रत्यक्ष कामावर आणि यादीवर आहे.

म्हणून मिस्टरांनी सोसायटीकडं स्वतःच्या नावानं सभासदत्वाचा लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. सासऱ्यांचं नाव काढून त्या जागी यांचं घाला, असं लिहू नका. वेगळा अर्ज करा. "एका घरातून एकच सभासद" असं सांगतील. तसं उपविधीत लिहिलेलं असेल तर ते पान दाखवा म्हणावं. पोचपावतीचं महत्त्व पुढं आहे. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यानुसार अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेनं निर्णयच कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असं धरलं जातं. नकार दिला तर कारणासह लेखी द्यावा लागतो आणि त्यावर निबंधकाकडं अपील करता येतं. तोंडी "बघू पुढच्या मीटिंगला" या उत्तराला काहीच अर्थ नसतो, आणि बहुतेकांना तेच उत्तर मिळतं, कारण बहुतेकांचा अर्जही तोंडीच असतो.

हे होईपर्यंत थांबून राहू नका. मत्स्यव्यवसाय खात्याचं सहाय्यक आयुक्तांचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथं मिस्टरांनी अर्ज द्यावा की मी क्रियाशील मच्छिमार आहे, अमुक सोसायटीच्या हद्दीत मासेमारी करतो, माझं नाव अपघात विम्याच्या यादीत घ्यावं. सोबत आधार, बँक पासबुकाची पहिली पानं, मासळी विकल्याच्या सोसायटीच्या किंवा व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या, तराफ्यावरचा फोटो. चिठ्ठ्यांवर सासऱ्यांचं नाव असेल तर आजपासून स्वतःच्या नावानं लिहून घ्यायला सांगा. त्याच जोडीला nfdp.dof.gov.in या केंद्र सरकारच्या मत्स्य नोंदणीवर मच्छिमार म्हणून नाव घालून घ्या. सप्टेंबर २०२४ पासून ती सुरू आहे, केंद्रावरूनही होते. त्या नोंदीनं आपोआप विमा होतो असं समजू नका. पण माणूस काय काम करतो याचा तो त्याच्या स्वतःच्या नावाचा कागद असतो, आणि तुमच्या घरात नेमका तोच नाही.

यादीत नाव गेल्यावर दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. एक म्हणजे वारसाचं नाव. त्या रकान्यात नुसतं 'पत्नी' लिहून सोडतात, किंवा तुमचं सासरचं नाव लिहितात आणि तुमच्या आधारवर अजून माहेरचं आडनाव असतं. दावा करायची वेळ येते तेव्हा याच फरकासाठी प्रतिज्ञापत्र आणा, राजपत्र आणा असं सुरू होतं. तुमचं नाव आधार, पासबुक आणि यादी या तिन्हीत अक्षर न अक्षर सारखं करून घ्या, आत्ताच, कामाची घाई नसताना. दुसरी गोष्ट, हा विमा एकेका वर्षाचा असतो. गेल्या वर्षी यादीत होतो म्हणून यंदा आहोतच असं नाही. दरवर्षी नवी यादी गेली का, आपलं नाव त्यात आहे का, विमा आज चालू आहे का, हे सचिवाला विचारायचं आणि यादीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. सासऱ्यांचं नाव आता यादीत असलं तरी दावा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचाच टिकतो, हे लक्षात ठेवा. त्यांच्यासाठी तहसीलमधून श्रावणबाळ योजना पाहा. ६५ वर्षांपुढच्यांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजारांची आहे, आणि दोघं कमावती असलेल्या घरात ती मर्यादा पाळणं कठीणच.

यादीचं काम होईपर्यंतची सोय म्हणून तुम्ही तिघांनीही आपापल्या बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू करा. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू आला तर २ लाख. मच्छिमारांच्या विम्याशी याचा काही तंटा नाही, दोन्ही मिळू शकतात. फक्त हप्ता मे महिन्याच्या शेवटी खात्यातून कापला जातो आणि त्या दिवशी खात्यात वीस रुपये नसले की विमा बंद पडतो. पावसाआधीचा तो महिना, खाती रिकामीच असतात. मे सुरू झाला की खात्यात शंभर रुपये ठेवा आणि जूनमध्ये पासबुक भरून घ्या. वीस रुपयांच्या कपातीसमोर PMSBY असं छापून आलं पाहिजे.

आता तुमचं. विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत: सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, न्हावी, परीट, गवंडी, असे. त्यात टोपली, चटई, झाडू आणि काथ्याचं काम करणारे आहेत, म्हणजे आपल्याकडचे बुरुड. हातमाग विणकर नाही. केंद्रवाल्यानं तेवढं खरं सांगितलं. पण तो सुचवतोय ती वाट तुम्हाला दोन ठिकाणी अडवेल. अर्जाची पहिली पडताळणी तुमच्याच ग्रामपंचायतीत होते आणि तुम्ही काय काम करता हे गावाला माहीत आहे. तिथून सुटलात तरी प्रशिक्षणाआधी हात चालवून दाखवावा लागतो. पैठणीचे मोर-पोपट विणणाऱ्या बाईच्या हातात बांबूच्या कामट्या दिल्या तर काय होणार ते तुम्हीच सांगा. शिवाय या योजनेत एका कुटुंबातून एकच जण घेतात आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. खोट्या धंद्यावर ती जागा गेली की ती तुमच्या घराची गेली. आणि एका कागदावर टोपलीवाली, दुसऱ्यावर विणकर अशी नोंद झाली तर विणकराच्या खऱ्या लाभातही शंका निघेल.

तुमचं दार वस्त्रोद्योग खात्याचं आहे. केंद्र सरकारच्या हातमाग विभागाचं विणकर ओळखपत्र असतं, लोक त्याला पहचान कार्ड म्हणतात. माग स्वतःचा असायलाच पाहिजे अशी अट नाही, दुसऱ्याच्या मागावर विणणारी बाईही विणकरच. छत्रपती संभाजीनगरला प्रादेशिक उपायुक्त, वस्त्रोद्योग यांचं कार्यालय आहे, तिथं चौकशी करा. आधार, पासबुक, फोटो याबरोबर तुम्ही विणता याचा पुरावा लागेल, आणि इथं कारखानदाराचा प्रश्न येतो. काही कारखानदार लिहून द्यायला कचरतात. त्यांना वाटतं, आज पत्र दिलं तर उद्या ही फंड मागेल. त्यांच्याशी वाद घालू नका. मजुरीची वही, पैसे मोबाइलवर आले असतील तर त्या नोंदी, आणि मागावर बसलेला तुमचा फोटो ठेवा. फोटो काढताना अर्धा विणलेला पदर, ताणा आणि तुमचा चेहरा एकाच चौकटीत येऊ द्या. साडी हातात धरून काढलेल्या फोटोनं काही सिद्ध होत नाही, तसा फोटो दुकानातही निघतो.

हे कार्ड झालं की विणकरांसाठीच्या विमा योजनांत नाव घालता येतं. मुलं पुढं वस्त्रोद्योगाच्या संस्थेत शिकायला गेली तर शिष्यवृत्तीही आहे. पण तुमच्यासाठी लगेच हातात पडेल अशी गोष्ट राज्याची आहे. राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, घोंगडी, खण आणि करवतकाठी या पाच पारंपरिक वाणांच्या नोंदणीकृत विणकरांना गणपतीच्या सुमारास उत्सव भत्ता ठेवला आहे: पुरुषाला वर्षाला १० हजार, बाईला १५ हजार. नोंदणीकृत हा शब्द महत्त्वाचा. पैठणात मागावर आयुष्य घालवलेल्या कित्येक बायकांची कुठल्याच कागदावर विणकर म्हणून नोंद नसते, कारण साडी कारखानदाराच्या नावानं विकली जाते. अर्ज गणपतीच्या तोंडावर नको, त्याआधी तीन-चार महिने तरी कार्डाच्या मागं लागा.

दीरांचं मात्र विश्वकर्मात सरळ बसतं. मासेमारीचं जाळं विणणारा हा अठरांपैकी एक धंदा आहे. मासे धरणारा नाही, जाळं करणारा. त्यांचं लग्न झालेलं नाही, म्हणून ते सासू-सासऱ्यांच्या कुटुंबात मोजले जातील. तुमचं आणि मिस्टरांचं कुटुंब वेगळं. सासरे मच्छिमार, त्यांना या योजनेत जागा नाहीच, तेव्हा दीरांना अडचण नाही. त्यांनी गेल्या पाच वर्षांत धंद्याचं सरकारी कर्ज घेतलेलं नसावं, मुद्राचं घेतलं असेल तर ते पूर्ण फिटलेलं असावं, आणि घरात कुणी सरकारी नोकर नसावा. योजनेनं देशभर ३० लाख कारागिरांचं लक्ष्य ठेवलं होतं, म्हणून आधी केंद्रावर फोन करून नवी नोंदणी चालू आहे का ते विचारा, मग कामाचा दिवस मोडा. आधारला जोडलेला मोबाइल आणि स्वतः दीर, दोन्ही लागतात, कारण अंगठा द्यावा लागतो. नंतर ग्रामपंचायत, जिल्ह्याची समिती आणि वरची छाननी समिती अशा तीन पायऱ्या आहेत. अर्ज अडला तर बहुधा पहिल्या पायरीवर पडून असतो, कुणी नामंजूर केलेला नसतो. ग्रामसेवकाला अर्जाचा नंबर दाखवून त्यांच्या लॉगिनमध्ये तो आलाय का ते पाहायला सांगा.

मंजूर झालं तर पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये, आणि हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर. व्हाउचर म्हणजे रोख नव्हे, त्यातून सामानच घ्यायचं. त्यानंतर विनातारण कर्ज, पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत, ५ टक्के व्याजानं, १८ महिन्यांत फेडायचं. इथं दीरांना थांबवा. पूर्ण लाख घेतलं तर महिन्याचा हप्ता साधारण ५,७८० रुपये होतो. जाळ्यांची मागणी वर्षभर सारखी नसते, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. दोऱ्याच्या रिळांना आणि शिशाच्या गोळ्यांना खरोखर किती लागतं ते कागदावर मांडा. तीस-चाळीस हजारांत भागत असेल तर तेवढंच घ्या. पहिलं कर्ज नीट फिटलं तर पुढचं २ लाखांपर्यंतचं मिळायची वाट उघडी राहते, थकलं तर ती बंद.

एक लक्षात ठेवा, विश्वकर्मात विमा नाही आणि पेन्शनही नाही. पेन्शन हवी असेल तर श्रमयोगी मानधन आहे. वय १८ ते ४०, महिन्याचं उत्पन्न १५ हजारांपर्यंत, साठीनंतर महिन्याला ३ हजार. तुमच्या वयाला महिन्याला १४० रुपये, मिस्टरांच्या वयाला १८०, तितकेच सरकार भरतं. साठीपर्यंत न चुकता भरणं जमेल असं वाटत असेल तर घ्या. मिस्टरांना चाळिशीनंतर प्रवेश बंद आहे, तेव्हा ते ठरवायला त्यांच्याकडं फार वेळ नाही. माझं विचाराल तर आधी वीस रुपयांचा विमा आणि यादीतलं नाव, पेन्शन नंतर.

राहिलं शेजारच्या गावातलं घर. काहीच मिळालं नाही हे अजून नक्की झालेलं नाही. त्या बाईंना सांगा, नवऱ्याचं पासबुक भरून आणा आणि मे-जूनमध्ये वीस रुपये कापलेत का बघा. कापले असतील तर बँकेत आजच दावा द्यावा, उशीर करू नये. सोसायटीत जाऊन अपघात विम्याच्या यादीत त्याचं नाव होतं का ते विचारावं, आणि उत्तर लेखी मागावं. दोन्ही ठिकाणी पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि मृत्यूचा दाखला लागतो. शवविच्छेदन झालं नसेल तर मृत्यू अपघाती होता हे दाखवणं फार अवघड जातं. घरचे लोक दुःखात ते टाळतात आणि पुढं फाइल तिथंच अडते. तराफा वादळी पावसात किंवा वीज पडून उलटला असेल तर तलाठ्याचा पंचनामा झालाय का ते पाहा. आपत्तीच्या निकषांत बसलं तर तहसीलमधून ४ लाखांची मदत मिळते. आणि घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल, गेलेला माणूस १८ ते ५९ वर्षांचा कमावता असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार आहेत, त्याचा अर्जही तहसीलमध्येच, संजय गांधी योजनेच्या टेबलावर. त्या बाईंचं वय आणि उत्पन्न बसत असेल तर निराधार पेन्शनचा अर्जही त्याच फेरीत देऊन यावा.